खान्देशात नकोसा चुना कोकणात हवासा का?

राम राम ताई. आमची शेती यावल तालुक्यात, केळी आणि कपाशी. मुलगी दिली आहे संगमेश्वरकडे. जावईबापूंनी भातखाचराच्या वरच्या अंगाला वीस गुंठे वरकस जमीन मोकळी करून तिथे भुईमूग आणि वाल घेतला. भुईमुगाच्या निम्म्या शेंगा पोचट निघाल्या, वाल खुरटा आणि पिवळा. सुपर फॉस्फेट टाकलं, त्याचाही काही फरक नाही. माती तपासली तर सामू ५.१ आला आणि प्रयोगशाळेने हेक्टरी ३ टन चुना टाका असं लिहून दिलं. आता आमच्याकडे तर चुनखडीच्या रानातच केळी पिवळी पडते, हे मी आयुष्यभर बघतोय. म्हणून मी त्याला म्हटलं, चुना टाकून चांगली जमीन नासवू नको, जिप्सम टाक. त्याने अजून काहीच टाकलेलं नाही, थांबलाय. खरं काय ते सांगा. आणि चुना टाकायचाच असेल तर घर रंगवायचा टाकला तर चालेल का? आणखी एक, आम्ही केळीला एवढा युरिया देतो, आमची जमीनही अशी आंबट होईल का?

राम राम भाऊ,

प्रयोगशाळेचं बरोबर आहे. त्या वीस गुंठ्यांत चुनाच टाकायचा आणि सामू वाढवण्यासाठी जिप्समचा उपयोग नाही. जावईबापूंना आजच फोन करून तेवढं सांगा, कारण भात निघाल्यावर वाफसा असतानाच हे काम उरकलेलं बरं. तुमचा अनुभवही खोटा नाही. तो यावलच्या जमिनीचा आहे आणि त्या जमिनीपुरता अगदी खरा आहे.

तुमच्या केळीला ठिबक असणारच. ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर बसला की तुम्ही नळ्यांतून ॲसिड सोडता. ॲसिड त्या थराला लागलं की फेस येतो, थर विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. तो थर म्हणजे चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. पण त्या वेळी ॲसिडचं काय होतं, हे आपण सहसा बघत नाही. चुनखडी विरघळवता विरघळवता तेही खर्ची पडतं. त्याच्यातला आम्लाचा भाग कार्बोनेटला भिडतो, त्याचं पाणी आणि कर्बवायू होतो, आणि आम्ल उरतच नाही. ठिबकमध्ये तुम्ही आम्ल खर्चून चुनखडी घालवता. संगमेश्वरच्या रानात चुनखडी खर्चून आम्ल घालवायचं आहे. क्रिया तीच आहे, गरज फक्त उलट आहे.

आता मुळात दोन्हीकडे एवढा फरक का पडला? तुम्हाला वाटेल दगड वेगळा असेल. तसं नाही. संगमेश्वरचा कातळ बेसाल्टचा आणि तुमच्या तापीकाठची काळी मातीही बेसाल्टच झिजून आलेल्या गाळाची. या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. फरक केला तो पावसाने.

जळगाव जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजारांच्या वर, तोही बहुतेक चार महिन्यांत. पावसाचं पाणी शुद्ध नसतं. हवेतला कर्बवायू त्यात विरघळतो आणि ते किंचित आंबट होतं. स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूसुद्धा ५.६ च्या जवळ असतो. जमिनीत शिरल्यावर त्याला आणखी कर्बवायू मिळतो, कारण मुळं आणि जिवाणू सतत श्वास सोडत असतात. या पाण्यातले आम्लाचे कण मातीच्या बारीक चिकणकणांपाशी पोचतात आणि तिथे बसलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला उठवून स्वतः तिथे बसतात. उठलेलं कॅल्शियम पाण्यात येतं. पुढे त्याचं काय होतं, ते पाणी किती आहे यावर ठरतं.

यावलला ते पाणी दोन-तीन फूट खाली जातं आणि थांबतं. मग उघडीप पडते, ऊन तापतं, दिवाळीपासून पुढच्या मृगापर्यंत जमीन सुकत राहते. पाणी उडून जातं आणि त्यातलं कॅल्शियम तिथेच चुनखडी होऊन साचतं. विहीर खणताना किंवा पाइपलाइनची चारी काढताना काळ्या मातीखाली पांढऱ्या खड्यांचा थर लागतो ना, तो असा बनलाय. तुमच्या जमिनीतून कॅल्शियम फारसं बाहेर गेलेलंच नाही.

संगमेश्वरला पाणी थांबत नाही. मातीतून सरळ खाली, पऱ्ह्यात, नदीत, खाडीत. दर पावसाळ्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश त्याच्याबरोबर वाहून जातं. हे हजारो वर्षं चाललंय. सिलिकासुद्धा बरीचशी धुऊन गेली आणि मागे राहिलं ते सहजासहजी न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम. कोकणचा तांबडा जांभा तो हाच. म्हणजे जावईबापूंच्या हातून काही बिघडलेलं नाही, जमीन त्यांच्या ताब्यात आली तीच धुतलेली. त्यात वरखताने थोडी भर पडते, पण त्याबद्दल पुढे सांगते.

सामू ५.१ हा आकडा कसा वाचायचा? ७ म्हणजे ना आम्ल ना अल्कधर्मी. त्याच्याखाली एकेक अंक उतरला की आम्लता दसपट वाढते. ६.१ सामूच्या जमिनीपेक्षा ५.१ ची जमीन दहापट आम्ल. पण पिकाला खरा त्रास त्या आंबटपणाचा कमी आणि त्यामुळे मोकळ्या होणाऱ्या ॲल्युमिनियमचा जास्त. सामू साधारण साडेपाचच्या खाली गेला की मातीत घट्ट बांधलेलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं. ते मुळाच्या टोकाला विषासारखं बाधतं. टोकाची वाढ थांबते आणि मूळ लांब जाण्याऐवजी आखूड, जाड होतं. हेच ॲल्युमिनियम आणि लोह स्फुरदाला पकडून धरतात. सुपर फॉस्फेटचा फरक दिसला नाही, त्याचं हे एक मोठं कारण. स्फुरद जमिनीत गेलं, पण मुळाला मिळायच्या आत अडकून बसलं.

हे कागदावरच्या आकड्याशिवायही तपासता येतं. जावईबापूंना सांगा, पुढचा वाल महिना-सव्वा महिन्याचा झाला की एक रोप उपटू नका, खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा. ते बादलीतल्या पाण्यात ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या. चांगल्या मुळाला केसासारखी पांढरी तंतुमुळं खूप असतात. आम्ल जमिनीतलं मूळ बोटकं दिसतं, टोकं तपकिरी, बारीक फुटवे जवळजवळ नाहीत. मग मुळावरच्या गाठी बघा. एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर जिवाणू हवेतलं नत्र पकडतायत. आत पांढरट किंवा हिरवट असेल, किंवा गाठीच नसतील, तर वाल पिवळा का पडतो ते कळलं. हे जिवाणू आंबट मातीत नीट टिकत नाहीत, म्हणून डाळवर्गीय पिकाच्या बियाण्याला नुसतं जिवाणू संवर्धन चोळून पेरल्याचा तिथे पुरता उपयोग होत नाही.

भुईमुगाच्या पोचट शेंगांचं कारण थोडं वेगळं आहे. शेंग जमिनीत वाढताना स्वतःच्या सालीतून कॅल्शियम घेते, झाडाच्या मुळावाटे तिला ते पुरेसं येत नाही. आजूबाजूच्या चार बोटं मातीत कॅल्शियम नसेल तर साल तयार होते आणि आत दाणा भरत नाही. जिप्समचं तुमच्या डोक्यात आलं ते इथे खरोखर उपयोगी आहे: आऱ्या सुटायच्या वेळी दिलेलं जिप्सम शेंग भरायला कॅल्शियम आणि गंधक देतं. पण ते आम्ल मारत नाही. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. आम्ल खर्ची पाडतं ते कार्बोनेट, कॅल्शियम नव्हे. जिप्सममध्ये कार्बोनेट नाही, म्हणून क्विंटलच्या क्विंटल टाकलं तरी सामू ५.१ च्या आसपासच राहील. आपल्याकडे चोपण जमिनीला जिप्सम देतात, कारण तिथे सोडियम काढायचा असतो. तो रोग वेगळा. तेव्हा तुमचा सल्ला अगदीच वाया जात नाही. पहिल्यांदा चुना टाका, आणि भुईमूग घ्यायचा असेल त्या हंगामात जिप्समही द्या.

आता किती चुना, यावर जरा थांबू, कारण गडबड इथेच होते. सामूवरून चुन्याची मात्रा कळत नाही. सामू मोजताना मातीबाहेर, पाण्यात आलेलं आम्ल मोजलं जातं. त्याच्या कितीतरी पट आम्ल चिकणकणांवर चिकटलेलं असतं. पाण्यातलं संपलं की ते खाली उतरून त्याची जागा घेतं. रेताड जमिनीत हा साठा लहान आणि चिकण किंवा भरपूर कुजकं असलेल्या जमिनीत मोठा. दोघींचा सामू ५.१ असला तरी एकीला एक टन पुरेल, दुसरीला चार लागतील. म्हणून प्रयोगशाळेत बफर द्रावण वापरून चुन्याची गरज वेगळी काढतात. तुमच्या अहवालातले ३ टन असे काढलेत की नुसत्या सामूच्या तक्त्यावरून लिहिलेत, हे जावईबापूंनी विचारावं. तक्त्यावरून लिहिलं असेल तर तोच नमुना चुन्याची गरज काढायला पुन्हा द्यावा. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ याच मातीत काम करतं, तिथे विचारायला हरकत नाही.

समजा ३ टन बरोबर आहेत. हेक्टर म्हणजे ढोबळमानाने शंभर गुंठे, तर एका गुंठ्याला ३० किलो आणि वीस गुंठ्यांना ६०० किलो. हा हिशेब शंभर टक्के शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचा आणि जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचा असतो. बाजारातली चुनखडीची भुकटी एवढी शुद्ध नसते. गोणीवर आम्ल मारण्याची ताकद, म्हणजे उदासिनीकरण मूल्य, ८५ टक्के लिहिलं असेल तर ६०० ला ०.८५ ने भागा: सुमारे ७०५ किलो. आता पॉवर टिलर किती खोल जातो ते बघा. तो १० सेंटिमीटरच माती हलवत असेल तर दोन तृतीयांश चुनाच पुरे, म्हणजे ४७० किलो. पूर्ण ७०५ किलो वरच्या चार बोटांत कोंबले तर तो थर गरजेपेक्षा जास्त चुनखडीचा होईल आणि खालचा तसाच आंबट राहील.

माझं मत विचाराल तर हे ४७० किलोही एकदम टाकू नयेत. निम्मे, म्हणजे २३५ किलोच्या आसपास, या हंगामाआधी टाका. पीक निघाल्यावर माती तपासा आणि मग उरलेलं ठरवा. चुना घालणं सोपं, काढणं फार अवघड, हे यावलच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सामू सातपर्यंत न्यायचाच नाही. ६ च्या आसपास आला तरी ॲल्युमिनियम बसून जातं आणि काम झालेलं असतं. जांभ्याच्या मातीत त्यापुढे रेटत गेलं तर जस्त, लोह, मँगनीज, बोरॉन पिकाला मिळेनासं होतं. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हे चित्र तुम्ही चुनखडीच्या केळीत पाहिलेलंच आहे. तुमची धास्ती खरी आहे ती या टोकाला, ५.१ वर नाही.

पैसा किंवा माल कमी असेल तर आणखी एक वाट आहे. चुन्याच्या पूर्ण गरजेच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे हेक्टरी तीन क्विंटल, पेरणीच्या सरीत टाकायचा. वीस गुंठ्यांना ६० किलो. पूर्ण रान सुधारत नाही, पण रोपाची पहिली मुळं जिथे उतरतात तो पट्टा निवळतो. देशातल्या आम्ल जमिनींसाठी ही पद्धत आपल्या कृषी संशोधकांनी बरीच वापरून बघितलेली आहे. तिची अट एवढीच की दर हंगामाला टाकावा लागतो.

घर रंगवायच्या चुन्याबद्दल. ताकदीत तो चुनखडीच्या भुकटीपेक्षा वरचढ आहे. १०० किलो शुद्ध चुनखडीचं काम ७४ किलो विरवलेला चुना करतो आणि ५६ किलो कळीचा चुना. म्हणजे ६०० किलोच्या जागी विरवलेला ४४४ किलो. मात्रा न बदलता तोच ६०० किलो टाकला तर ८०० किलोंच्या वर चुनखडी पडल्यासारखं होईल. शिवाय तो झटपट काम करतो, ओला झाला की गोळे धरतो आणि गोळ्याजवळचं बी जाळतो. कळीचा चुना तर घामेजल्या हाताला, डोळ्याला भाजतो. चुनखडीची भुकटी हळू काम करते, पण ती एकसारखी पसरते आणि मात्रेत थोडी चूक झाली तरी निभावून नेते. मी भुकटीच घ्या म्हणेन. कोकणात शिंपल्यांचा चुना मिळतो, तोही चालतो, पण तो भाजलेला आहे की नुसता कुटलेला, हे विचारून मात्रा ठरवा. मॅग्नेशियमही अहवालात कमी असेल तर निम्मी भुकटी डोलोमाइटची घ्यावी, कारण पावसाने तेही धुतलेलं असतं.

भुकटी घेताना चिमूटभर बोटांत चोळून बघा. कणकेसारखी लागली तर ती या हंगामातच काम करील. रव्यासारखी लागली तर पहिल्या वर्षी थोडीच उपयोगी पडेल, आणि बाजरीच्या दाण्याएवढे खडे असतील तर ते वर्षानुवर्षं तसेच पडून राहतील. चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आम्लाचा कण आणि चुनखडीचा कण एकमेकांना टेकल्याशिवाय काही घडत नाही. म्हणून बारीक दळलेला माल स्वस्तातल्या भरड मालापेक्षा महाग पडत नाही.

टेकणं महत्त्वाचं म्हणूनच तो मातीत मिसळणंही महत्त्वाचं. भात कापल्यावर वरकस रान वाफशावर असेल तेव्हा एक नांगरट करा. निम्मी भुकटी उभी फेकून घ्या, निम्मी आडवी, म्हणजे पट्टे राहणार नाहीत, आणि लगेच टिलर फिरवा. वारा असेल त्या दिवशी काम नको, भुकटी शेजारच्या काजूंवर जाईल. नाका-तोंडाला ओला फडका बांधा. वर नुसती टाकून ठेवली आणि तिच्यावर तिथला पाऊस कोसळला तर उतारावरून ती पऱ्ह्यात जाईल. टाकल्यावर पेरणीआधी तीन-चार आठवडे जाऊ द्या. त्या काळात माती ओलसर राहिली पाहिजे, कोरड्या मातीत चुनखडी नुसती पडून असते. गरज पडली तर एखादं पाणी द्या.

शेणखत, युरिया किंवा अमोनियम सल्फेट चुन्याबरोबर कधीच मिसळू नका. नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातं, वास येतो तो त्याचाच. सुपर फॉस्फेटही एकत्र नको, चुन्याशी मिळून त्यातलं स्फुरद पिकाला सहज न मिळणाऱ्या रूपात जातं. मधे दोन-तीन आठवडे ठेवा. चुना आधी, खत नंतर.

खालच्या भातखाचराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण जावईबापूंच्या मनात येईलच. तिथे घाई नको. खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि तिथल्या जिवाणूंच्या कामात आम्ल खर्ची पडतं. काही आठवड्यांत सामू आपोआप साडेसहा-सातकडे सरकतो. म्हणून त्याच गावात, जवळजवळ त्याच मातीत भात बरा येतो आणि वर वरकस जमिनीत वाल रडतो. खाचर आटलं की सामू पुन्हा उतरतो. भातामागून तिथे वाल घ्यायचा असेल तर सरीतला थोडा चुना तिथेही कामाला येईल.

फरक कधी दिसेल? मुळं आणि गाठी पहिल्याच पिकात वेगळ्या दिसायला हव्यात. सामू मात्र घाईने मोजू नका. भुकटीतले जाड कण अजून मुरत असतात, तेव्हा तीन-चार महिन्यांनी, पीक निघाल्यावर नमुना घ्या. रानात नागमोडी फिरत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची, एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्यायची. चुन्याचा गोळा पडलेली जागा, बांध, शेणाच्या ढिगाची जागा टाळा. नाहीतर अहवाल ७ दाखवील आणि रान ५.३ वरच असेल. आणि चुना एकदा टाकून सुटका नाही. पाऊस दरवर्षी तेवढाच पडणार आहे, कॅल्शियम दरवर्षी वाहणार आहे. पूर्ण मात्रा दिल्यावर साधारण तीन-चार वर्षांनी माती पुन्हा तपासायची आणि लागेल तेवढीच भर घालायची.

आता वरखताची भर. युरिया जमिनीत पडला की त्याचं आधी अमोनियम होतं आणि जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. या दुसऱ्या पायरीवर आम्ल तयार होतं. वर कोकणातल्यासारखा पाऊस असेल तर न वापरलेलं नायट्रेट खाली वाहतं आणि जाताना कॅल्शियमही ओढून नेतं. ढोबळ हिशेब असा, की युरियातल्या एक किलो नत्रामागे सुमारे १.८ किलो चुनखडी लागते. ४५ किलोच्या गोणीत साधारण २०.७ किलो नत्र, म्हणजे गोणीमागे ३७ किलो चुनखडी. तेवढ्याच नत्रामागे अमोनियम सल्फेट याच्या जवळजवळ तिप्पट आम्ल करतं. जावईबापूंनी वरकस जमिनीत अमोनियम सल्फेट टाळावं, आणि युरिया देतील तेव्हा हा खर्च त्याच वेळी मनात धरावा.

आणि तुमची केळी? घाबरू नका. तुमच्या मातीत नुसती पाच टक्के चुनखडी आहे असं धरू. एका हेक्टरात वरच्या १५ सेंटिमीटर थराची माती सुमारे वीस लाख किलो भरते. त्याच्या पाच टक्के म्हणजे एक लाख किलो, शंभर टन चुनखडी. तुम्ही केळीला हेक्टरी वर्षाला ५०० किलो नत्र युरियातून घातलं तरी वरच्या हिशेबाने वर्षाला ९०० किलो खर्ची पडेल. शंभर टन संपायला शतक लोटेल, आणि खालच्या थरातली शिल्लक वेगळीच. तुमचा युरिया कमी करायला हवा असेल तर तो खर्चासाठी आणि विहिरीच्या पाण्यात उतरणाऱ्या नायट्रेटसाठी. जमीन आंबट होईल म्हणून नव्हे.

खात्री करायची असेल तर मूठभर माती बशीत घ्या आणि तिच्यावर ठिबकचं ॲसिड पाण्यात पातळ करून चार थेंब टाका. पातळ करताना वेगळ्या भांड्यात आधी पाणी आणि मग ॲसिड, उलटं नाही, आणि हातात मोजे. बुडबुडे आले तर जमिनीत मोकळी चुनखडी आहे. तिथे चुना टाकायचा प्रश्नच उद्भवत नाही, कोणी विकायला दारात आलं तरी. बुडबुडे आले नाहीत म्हणून लगेच जमीन आम्ल ठरत नाही, तेवढ्यासाठी सामूच मोजावा लागतो.

ही परीक्षा तुमच्या ओळखीत नवापूर किंवा अक्राणीकडे कोणी शेती करत असेल तर त्यांनाही सांगा. खान्देश असला तरी तिकडे पाऊस तुमच्यापेक्षा बराच जास्त आणि डोंगरउताराची हलकी जमीन. यावलमध्ये चालतं म्हणून तिथे चालेल किंवा संगमेश्वरला टाकला म्हणून तिथेही टाकावा, असं दोन्हीपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. सामू साडेपाचच्या वर असेल तर तिथे चुन्यावर पैसे घालण्याआधी शेणखत आणि बांधबंदिस्तीकडे बघावं. साडेपाचच्या खाली निघाला तर चुन्याची गरज वेगळी काढून घ्यावी आणि मग वर सांगितलेलाच हिशेब लावावा.